एका ब्रॅकेटचा तक्ता

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मायक्रो-प्रोजेक्ट म्हणून मला विषय मिळाला होता: ओतकाम म्हणजे कास्टिंग, फॉर्मिंग म्हणजे ठोकून-दाबून आकार देणं, वेल्डिंग आणि मशिनिंग यांचा तुलनात्मक तक्ता, गुण आणि मर्यादांसह. एका रविवारी दुपारी बसून मी तो कार्डशीटवर करून टाकला. चार उभे रकाने, त्याखाली पुस्तकातली वाक्यं. कास्टिंग: गुंतागुंतीचे आकार शक्य, खर्च कमी. वेल्डिंग: जोड मजबूत, खर्च कमी. मशिनिंग: अचूकता जास्त, खर्च जास्त. फॉर्मिंग: ताकद जास्त, मोठ्या उत्पादनाला योग्य.

मॅडमनी तक्ता हातात घेतला, 'खर्च कमी' या दोन शब्दांखाली दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, "कशापेक्षा कमी? आणि किती नगांना?" मला काही सांगता येईना. त्या म्हणाल्या, "एक पार्ट घे. हातात धरता येईल असा. त्याच्यावर चारही रकाने भरून आण."

पार्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. पप्पा सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे लूमची देखभाल-दुरुस्ती बघतात. सोळा लूम त्यांच्याकडे. संक्रांतीच्या आधी, गड्डा यात्रेच्या गर्दीच्या दिवसांत, एका लूमचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्रॅकेट तुटला होता आणि तुटका ब्रॅकेट आमच्याच घरी जिन्याखाली पडलेला होता. एका छोट्या शाफ्टला आधार देणारा हा भाग. खाली १२० बाय ८० मिलिमीटरचं, १२ जाडीचं बूड, त्यावर उभी पट्टी, पाठीमागे एक तिरकी रिब आणि वर ५० लांबीचा गोल बॉस, म्हणजे शाफ्टसाठी भोक असलेला जाड नळा. बॉसचा बाहेरचा व्यास ६०, आतलं भोक ३०. बुडापासून भोकाच्या मध्यापर्यंत उंची ८०. व्हर्नियरने मापं घेऊन वजन काढलं तर १.८६ किलो आलं. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही तुकडे मिळून १.९ भरले.

आधी वेल्डिंगचा रकाना भरला, कारण ते घरातच घडून गेलं होतं. ब्रॅकेट पहिल्यांदा तडकला तेव्हा पप्पांनी तो वेल्डिंगवाल्याकडे नेला होता. त्याने चीर ग्राइंडरने थोडी उघडली, नेहमीचा एम.एस.चा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, रॉड लावला, दोन मिनिटांत टाका भरला आणि गरम ब्रॅकेट पाण्याच्या डब्यात बुडवून दिला. वरून काम देखणं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा तुटला.

मी दोन्ही तुकडे खिडकीत नेऊन बघितले. तुटलं होतं ते टाक्यावर नव्हतं. टाका जसाच्या तसा होता आणि त्याच्या कडेने, दोन-तीन मिलिमीटर सोडून, बीड फुटलं होतं. जुनी फूट करड्या रंगाची, खडबडीत. नवी फूट मात्र पांढरट आणि चमकणारी. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांनी हातात कानस दिली आणि दोन्हीकडे घासून बघायला सांगितलं. जुन्या बिडावर कानस चावत होती, काळी पूड पडत होती. टाक्याच्या कडेला ती काचेवरून सरकावी तशी सरकली.

बिडात साधारण तीन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो. सावकाश थंड झालं की तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि बीड करडं, कापायला मऊ राहतं. वेल्डिंगच्या ठिणगीशेजारचा भाग क्षणात तापतो आणि भोवतीचं थंड बीड त्याची उष्णता क्षणात ओढून घेतं. कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, तो लोखंडातच अडकतो आणि तेवढी पट्टी पांढरी, कडक, ठिसूळ होते. त्यात टाका थंड होताना आकसतो आणि शेजारच्या बिडाला ओढतो. बीड दाब भरपूर सोसतं, पण ताण त्याला सोसत नाही. पाण्यात बुडवल्याने राहिलेली कसर भरून निघाली होती.

म्हणजे बिडाला टाका लागतच नाही असं नाही. सरांनी रीत सांगितली: चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे सरकत नाही, व्ही आकाराची खाच करायची, ब्रॅकेट सगळा सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवायचा, निकेलचा रॉड घ्यायचा, एका वेळी इंचभरच टाका घालून तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा आणि काम संपल्यावर ब्रॅकेट चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा. माझ्या पहिल्या तक्त्यात 'जोड मजबूत' एवढंच होतं. आता मी तिथे लिहिलं: जोड मजबूत असूनही शेजारचा धातू कमजोर होऊ शकतो, बिडाच्या बाबतीत हमखास.

लूम बंद ठेवून चालणार नव्हतं. दुसरा उपाय म्हणून पप्पांनी एम.एस.ची १२ मिलिमीटरची प्लेट आणि ६० चा गोल बार कापून, वेल्ड करून नवा ब्रॅकेट बनवून घेतला. साच्याची वाट बघायची नाही, दुपारी दिलं आणि संध्याकाळी मिळालं. वेल्डिंगचा खरा गुण मला इथे दिसला. एकच नग हवा असेल आणि आज हवा असेल, तर त्याच्या जवळ दुसरं कोणी येत नाही. शिवाय एम.एस. ठिसूळ नाही, फटका बसला तर वाकेल पण फुटणार नाही.

पण तो ब्रॅकेट मी कॉलेजातल्या अगदी सपाट सरफेस प्लेटवर ठेवला तेव्हा बोट लावताच डुगडुगला. उभी पट्टी बुडाच्या वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी वेल्ड केली होती. टाके निवताना आकसले आणि त्यांनी बुडाच्या कडा वर ओढल्या. कडेखाली फीलर गेजची ०.४० ची पाती सहज गेली. ०.४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण असा ब्रॅकेट बोल्ट आवळून बसवला की बूड जबरदस्तीने सपाट होतं, बॉस थोडा कलतो आणि शाफ्ट ज्या नळीत फिरतो त्या बुशमध्ये एका कडेने घासायला लागतो. बुश एकाच बाजूने झिजलेला दिसला की जॉबर लोक आधी बूड तपासतात, ते याच्यामुळे. उपाय एकच, भोक आणि बूड वेल्डिंगच्या नंतर मशिनवर घ्यायचं. आधी भोक बोअर करून मग वेल्ड केलं तर ती मेहनत वाया गेली म्हणून समजा. आम्ही बुडाचा अर्धा मिलिमीटर काढला, त्याच बैठकीला धरून भोक बोअर केलं आणि मग तो लूमवर चढला.

ओतकाम बघायला मी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूच्या एका लहान फाउंड्रीत गेले. पप्पांच्या ओळखीने गेले, म्हणून त्यांनी तीन दिवस उभं राहू दिलं. सर्वांत जास्त शिकले ते भट्टीपाशी नव्हे, तर पॅटर्नवाल्या मामांकडे. पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा लाकडी नमुना. त्यांच्या पट्टीशेजारी मी माझी स्टीलची पट्टी ठेवली तर दोन्हींचे आकडे जुळेनात. त्यांचे १०० माझ्या १०१ वर येत होते. मला वाटलं पट्टी खराब आहे. मामा म्हणाले, "पोरी, ही बिडाची पट्टी. बीड निवताना शंभराला एक आकसतं, ते या पट्टीतच धरलंय. ॲल्युमिनियमची वेगळी, स्टीलची आणखी वेगळी." म्हणून आमचं १२० चं बूड लाकडात १२१.२ झालं. जिथे मशीन लागणार तिथे दर पृष्ठाला तीन मिलिमीटर वाढवले. उभ्या बाजूंना किंचित उतार दिला, नाहीतर पॅटर्न वाळूतून काढताना कडा ढासळतात. आणि ३० च्या भोकासाठी २४ चा कोअर, म्हणजे भोकाची जागा मोकळी ठेवणारा, तेलात मळून भाजलेल्या वाळूचा गाभा. त्यामुळे बोअर करताना दोन्ही बाजूंना तीन-तीन मिळतात. या सगळ्या वाढींसह कच्चा ब्रॅकेट २.३ किलोचा झाला.

सुरुवातीला दोनच नग ओतून घेतले. वितळलेलं बीड साच्याच्या पेटीत पडताना मी दूर उभी होते, तरी तोंड भाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वाळू झटकून, धातू आत जायची वाट म्हणजे गेट आणि आकसताना भर पुरवणारा रायझर तोडून, कडा घासून दोन्ही ब्रॅकेट हातात आले. मला तर ते सुबक वाटले. लेथवर पहिला लावला, पहिला कट गेला, दुसरा गेला आणि भोकाच्या आतल्या अंगाला, साच्यात जी बाजू वर होती तिथे, वाटाण्याएवढा खड्डा उघडा पडला. त्याच्या शेजारी आणखी दोन बारीक.

लेथवाले काका मशीन थांबवून म्हणाले, "टॉर्च मारून बघ. आतून गुळगुळीत आहे का खरखरीत?" गुळगुळीत होता, चकाकत होता. गुळगुळीत म्हणजे गॅसचा बुडबुडा. आत खरखरीत, काटेरी असता तर धातू आकसताना भर कमी पडली असा अर्थ निघाला असता आणि मग रायझर मोठा करावा लागला असता. दोन्ही खड्डेच, पण औषध वेगळं. फाउंड्रीत परत जाऊन विचारलं तर त्या दिवशी लाइट गेल्यामुळे कोअर ओव्हनमधून लवकर काढला होता. आत तेल आणि ओल शिल्लक राहिली. धातू भोवती आल्यावर त्याचा गॅस झाला, तो वर चढला आणि बाहेर पडायच्या आत बीड गोठलं. दुसऱ्या नगाचा कोअर नीट भाजलेला होता, तो चांगला निघाला.

हा खड्डा मला तक्त्याच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. पुस्तकात 'ब्लो होल' हा दोष कास्टिंगच्या रकान्यात एका ओळीत असतो. प्रत्यक्षात तो ओतल्यावर दिसत नाही, वजनात कळत नाही, बाहेरून हात फिरवून कळत नाही. तो कळतो मशिनिंगचे पैसे लागल्यावर. म्हणजे कास्टिंगची मर्यादा पुढच्या प्रक्रियेच्या बिलात निघते.

आणि याच ठिकाणी माझ्या तक्त्याची मांडणी मोडली. चार रकाने शेजारी शेजारी आखले की वाटतं, हे चार पर्याय आहेत, यातला एक निवडायचा. पण या ब्रॅकेटला ओतल्यावरही मशीन लागलं आणि वेल्ड केल्यावरही लागलं. बुश घट्ट बसायचा तर ३० चं भोक एच७ मध्ये हवं, म्हणजे ३०.००० ते ३०.०२१. वाळूच्या साच्यातून निघालेल्या भोकात मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. दोन शतांश मिलिमीटर तिथे मागण्यात अर्थ नाही. मशिनिंग हे त्यामुळे बाकीच्यांच्या शेजारी बसत नाही, त्यांच्या मागे उभं राहतं.

एकट्या मशिनिंगवर ब्रॅकेट करायचा तर काय होईल, तेही मी मांडून बघितलं. १२० बाय ८० बाय ११० चा एम.एस. ठोकळा घ्यावा लागेल, वजन ८.३ किलो. तयार ब्रॅकेट एम.एस.मध्ये २ किलोचा. सहा किलोंहून जास्त माल कीस होऊन तळाशी पडणार आणि तो काढायला मिलिंगवर चार-पाच तास जाणार. 'मशिनिंगमध्ये मटेरियल वाया जातं' हे वाक्य मी शंभर वेळा लिहिलं असेल. चारातले तीन भाग वाया, हे त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. तरीही एखाद्या यंत्राचा एकच नमुना तपासायला हवा असेल आणि साचा करण्याआधी रचना बदलायची शक्यता असेल, तर लोक हेच करतात आणि त्यात चूक नाही.

फॉर्मिंगचा रकाना मात्र रिकामा राहिला. बीड ठोकून आकार घेत नाही, तडकतं. म्हणजे फॉर्मिंग निवडलं की आधी धातू बदलावा लागतो. हा मुद्दा कुठल्याच तयार तक्त्यात मला सापडला नव्हता. स्टील ११००-१२०० अंशांवर तापवून डायमध्ये घडवता येईल, पण असल्या आकाराच्या डायचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच पेलतो. सोळा लूमच्या कारखान्याला तो विचारही करता येत नाही. मी मॅडमना सांगितलं की या पार्टला फॉर्मिंग लागू नाही. त्यांनी ब्रॅकेटसोबत आणलेल्या बोल्टकडे बोट दाखवलं. "आणि हा कसा झाला?"

एम१२ चा साधा बोल्ट. त्याचं डोकं थंड तारेला ठोकून फुगवलेलं असतं आणि आटे कापलेले नसतात, दोन डायमध्ये दाबून लाटलेले असतात. तोच बोल्ट १९ च्या षटकोनी बारमधून लेथवर काढायचा तर दांड्याच्या लांबीत जवळजवळ दोन तृतीयांश माल कीस होतो. शिवाय कापलेल्या आट्यांत धातूचे तंतू तुटतात, तर लाटलेल्या आट्यांत ते वळणावळणाने आट्याबरोबर जातात आणि आट्याच्या मुळाशी, जिथे बोल्ट तुटायचा, तिथे पृष्ठ दाबलं जाऊन आणखी टणक होतं. आणि प्लेट? जिच्यापासून वेल्डिंगचा ब्रॅकेट केला ती १२ ची प्लेटच मुळात गरम लाटलेली. तिच्यावरची निळसर काळी खपली तेच सांगत होती. फॉर्मिंग माझ्या समोर होतं, फक्त ते कारखान्याच्या दारात येण्याआधीच उरकलेलं होतं.

मग खर्चाचा रकाना. मला त्या वेळी मिळालेले भाव असे होते. लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स मिळून ४,००० रुपये, एकदाच. ओतलेलं बीड किलोला १०० रुपये, म्हणजे नगाला २३०. त्यावर बोअरिंग, फेसिंग, ड्रिलिंगचे २१०. एक नग ४४० ला. वेल्डिंगच्या ब्रॅकेटला माल १८०, कापणं आणि वेल्डिंग ३५०, मशिनिंग २५०, एकूण ७८०, पण सुरुवातीचा खर्च काही नाही. एका नगामागे फरक ३४० रुपयांचा. ४,००० भागिले ३४० केलं तर ११.८ येतं. अकरा नगांपर्यंत वेल्डिंग स्वस्त, बाराव्यापासून ओतकाम स्वस्त. एखादा नग ब्लो होलने बाद होणार हे धरलं तर बाराचे तेरा होतात. मॅडमच्या 'किती नगांना?' या प्रश्नाला हे माझं उत्तर होतं आणि मी ते तक्त्याच्या मधोमध, आलेख काढून, लाल पेनाने लिहिलं.

एक फरक आकड्यांत धरता आला नाही. दोन्ही ब्रॅकेट दोरीला टांगून पान्याने ठोकले. एम.एस.चा घंटेसारखा वाजत राहिला. बिडाचा 'ठक्' करून गप्प झाला. बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे कंपनं जिरवून टाकतात. ज्या पापुद्र्यांमुळे ते ताणाला कच्चं, त्यांच्याचमुळे ते कंपनाला पक्कं. लूम मिनिटाला शंभराहून जास्त फटके मारतो, दिवसरात्र. पप्पांचं म्हणणं होतं की त्या एका लूमचे बोल्ट आठवड्यातून एकदा आवळावे लागतात, बाकीच्या पंधरांचे नाही. मी ते गुण-मर्यादांत दोन्हीकडे लिहिलं.

नवा तक्ता सबमिट केला तेव्हा त्यात चार रकान्यांऐवजी चार ओळी होत्या, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या: आधी धातू काय आणि कुठल्या रूपात येतो, मग आकार कसा मिळतो, मग माप कसं मिळतं, दोष कुठल्या टप्प्यावर उघडा पडतो आणि किती नगांना परवडतं. तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, खड्डा गुळगुळीत असेल तर कोअर बघायचा की रायझर. मी कोअर म्हणाले.

पप्पांनी तो आलेख घरी नेऊन कारखानदारांना दाखवला. त्यांना एकच ब्रॅकेट हवा होता. गल्लीतल्या आणखी दोघांकडे त्याच बनावटीचे लूम निघाले, तिघांत मिळून वीस नग ओतायला टाकले आणि पॅटर्नचे पैसे नगाला दोनशेप्रमाणे वाटून घेतले. वेल्डिंगचा ब्रॅकेट उतरवून पप्पांनी अडीअडचणीला म्हणून हुकाला टांगून ठेवला आहे. लाकडी पॅटर्न फाउंड्रीत मामांच्या फळीवर असतो. त्याच्या बुडाला त्यांनी खडूने लिहिलं आहे: बीड, १२१.२.